मॅनहॅटनवर वर्म: सात महिन्यांच्या वापरानंतर

क्लबच्या सामन्यांचं स्कोअरिंग मी बरीच वर्षं करतोय. सात महिन्यांपूर्वी वही सोडून टॅबवरच्या ॲपवर आलो, आणि त्यातला एक आलेख तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. खाली प्रत्येक ओव्हरच्या धावांचे उभे खांब, म्हणजे मॅनहॅटन. दोन्ही डावांचे, शेजारी-शेजारी, दोन रंगांत. त्यावरून एकूण धावसंख्येच्या दोन रेघा, म्हणजे वर्म. टीव्हीवर हे दोन्ही वेगवेगळे येतात. एकाच चौकटीत एकत्र पाहायला लागल्यावर मला सामना वेगळा दिसू लागला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुळातलं नातं सोपं आहे. वर्मचा चढ म्हणजेच त्या ओव्हरच्या खांबाची उंची. खांब उंच असेल तिथे रेघ खडी चढते, खांब बुटका असेल तिथे ती जवळजवळ आडवी होते. रेघ सांगते की आपण कुठे आहोत, खांब सांगतात की तिथे कसे पोचलो. नुसतं एकच पाहिलं तर फसायला होतं.

हे मला नीट उमगलं ते जून 2024 मधल्या टी-20 विश्वचषकाची फायनल ॲपमध्ये ओव्हरनिहाय भरून पाहिली तेव्हा. भारत 176, दक्षिण आफ्रिका 169, निकाल सगळ्यांना पाठ आहे. पण 15 ओव्हरवर बोट ठेवून बघा. तिथे भारताची रेघ 118 वर होती आणि आफ्रिकेची 147 वर. 29 धावांचं अंतर! आफ्रिकेचा पंधराव्या ओव्हरचा खांब 24 धावांचा, त्यांच्या डावातला सगळ्यात उंच. 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या आणि सहा गडी हातात होते. रेघांवर विश्वास ठेवणाऱ्या कुणीही तिथे सामना सोडून दिला असता.

पुढचे पाच खांब मात्र असे आहेत: 4, 4, 2, 4, 8. भारताचे त्याच ओव्हरचे: 8, 8, 16, 17, 9. शेजारी-शेजारी लावले की अंगावर काटा येतो. आफ्रिकेची रेघ पंधराव्या ओव्हरनंतर जवळजवळ सपाट होते, भारताची सतराव्यानंतर उसळते. तरीही 18 ओव्हर संपल्या तेव्हा आफ्रिका 157 आणि भारत 150, म्हणजे आफ्रिकेची रेघ अजून वरच! रेघा एकमेकींना ओलांडतात त्या थेट एकोणिसाव्या ओव्हरमध्ये. नुसता वर्म पाहणाऱ्याला सामना तिथे फिरला असं वाटेल. खांब पाहणाऱ्याला तो सोळाव्यापासूनच फिरताना दिसतो.

यातून मी शिकलो की पाठलाग करणाऱ्या संघाची रेघ पहिल्या डावाच्या रेघेच्या वर आहे की खाली, हा प्रश्नच अपुरा आहे. पहिल्या डावाने शेवटी किती मारले आहेत, ते त्याच्या रेघेच्या उरलेल्या भागात आधीच लिहिलेलं असतं. भारताने शेवटच्या पाच ओव्हरमध्ये 58 काढल्या होत्या. त्यातल्या 29 आफ्रिकेने आगाऊच मिळवल्या होत्या, त्यामुळे तेवढ्याच ओव्हरमध्ये त्यांना बरोबरीला 29 आणि विजयाला 30 पुरे होत्या. मी आता आधी हे उरलेलं अंतर बघतो, मग शेवटचे तीन खांब, आणि मगच रेघ.

रेघेवरचे विकेटचे ठिपके ही या आलेखातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. ते नसतील तर आलेख अर्धाच. याच फायनलमध्ये भारताची दोन ओव्हरनंतरची रेघ 23 वर होती. ऐकायला झकास, पण तिथे दोन ठिपके आहेत. सतराव्या ओव्हरच्या पहिल्याच चेंडूवर क्लासेन गेला, तो ठिपका तर त्या सपाट भागाच्या सुरुवातीलाच बसलेला दिसतो. एक उणीव मात्र ठिपक्यांनीही भरून निघत नाही. पंधराव्या ओव्हरनंतर बुमराहच्या दोन ओव्हर शिल्लक होत्या, हे या चित्रात कुठेच नाही. माझ्या ॲपमध्ये खांबावर बोट ठेवलं की गोलंदाजाचं नाव येतं, पण कुणाच्या किती ओव्हर उरल्या ते वहीतच बघावं लागतं.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे, कारण तिने आमचं नुकसान केलं. वीस ओव्हरचा सामना, आम्ही पाठलाग करत होतो. तेरा ओव्हरनंतर आम्ही 88, समोरच्या संघाच्या तेरा ओव्हरनंतर 84. म्हणजे चार धावांनी पुढे. चौदाव्या ओव्हरचे दोन चेंडू झाले, एक धाव आली, आम्ही 89. ॲपने हा बिंदू सरळ 14 वर नेऊन ठेवला. समोरच्यांनी चौदाव्या ओव्हरमध्ये 9 काढल्या होत्या, त्यांची रेघ तिथे 93 वर. झालं, आम्ही चार धावांनी मागे दिसायला लागलो! कर्णधाराने टॅबवर पाहिलं आणि फटकेबाजीचा निरोप आत पाठवला. जमलेला फलंदाज पुढच्याच चेंडूवर सीमारेषेवर झेल देऊन परतला. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं, कारण टॅब माझ्या हातात होता. तेव्हापासून ओव्हर पूर्ण होईपर्यंत मी आलेख कुणाला दाखवत नाही. चालू ओव्हरचा खांब फिकट रंगात हवा आणि रेघ झालेल्या चेंडूंपर्यंतच यायला हवी, एवढी साधी दुरुस्ती आहे.

चेंडूनिहाय रेघ काढण्याचा पर्याय आहे, पण त्यात दुसरीच चूक निघाली. 13.2 ओव्हर म्हणजे तेरा ओव्हर आणि दोन चेंडू, आडव्या अक्षावर ते 13.33 ला यायला हवं. ॲप ते 13.2 लाच ठेवतं. ओव्हरचे पाच चेंडू अर्ध्या जागेत दाटीवाटीने बसतात आणि सहाव्या चेंडूला उरलेली अर्धी जागा मिळते. दर ओव्हरला रेघ आधी खडी चढून मग लोळलेली दिसली, तर तुमच्याकडेही हेच घडतंय असं समजा.

रेघ गुळगुळीत करण्याची सोय मी पहिल्याच महिन्यात बंद केली. 18 धावांच्या ओव्हरनंतर निर्धाव ओव्हर पडली होती, आणि रेघ किंचित फुगून परत खाली आली. एकूण धावा कमी कशा होतील? वर्म कधीही खाली उतरू शकत नाही. उतरलेला दिसला तर दोष चित्रात आहे. ओव्हरअखेरचे बिंदू सरळ रेषांनीच जोडावेत.

खांबांच्या पट्टीबद्दल एक सूचना. डाव्या बाजूला खांबांची पट्टी, उजव्या बाजूला एकूण धावांची, हे ठीक. पण सामना संपून नवा सुरू झाला की डावी पट्टी आपोआप बदलते. कमी धावांच्या सामन्यात 9 धावांचा खांब आकाशाला भिडतो, पुढच्या रविवारी तेवढ्याच उंचीचा खांब 20 चा असतो. मी ती पट्टी 0 ते 25 अशी कायमची ठरवून टाकली आहे. एखादी ओव्हर त्याहून महाग गेली तर आकडा खांबाच्या डोक्यावर लिहिलेला असतोच.

पावसाने ओव्हर कमी झालेल्या सामन्यात मी दोन रेघांची तुलना करत नाही. डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीने लक्ष्य बदललं की पहिल्या डावाची रेघ हा मापदंड उरत नाही. तेव्हा लक्ष्याची वेगळी तुटक रेघ असावी, आणि ॲपमध्ये ती आहे, फक्त ती सेटिंगमध्ये जाऊन हाताने सुरू करावी लागते. पंचांनी नवं लक्ष्य सांगितलं की मी सगळ्यात आधी तेच करतो.