व्हॉइस-नॅरेशनचा सराव संच: बॅचला काही महिने वापरल्यानंतर

स्टाफ सिलेक्शनच्या संध्याकाळच्या बॅचसाठी पावसाळ्यात एका क्लासचा छापील सराव संच घेतला होता, फक्त ॲक्टिव्ह-पॅसिव्ह आणि डायरेक्ट-इनडायरेक्ट एवढ्यावरचा. आता त्याची पानं सुटायला आलीत, म्हणजे मत द्यायला हरकत नाही. नाव देत नाही, कारण खाली तक्रारही आहे.

या संचात जीव ओतलाय तो चुकीच्या पर्यायांवर. बऱ्याच पुस्तकांत चारपैकी दोन पर्याय बघताक्षणी बाद होतात. इथे कर्ता, कर्म, शब्दक्रम सगळं जागच्या जागी असतं आणि फरक फक्त सहायक क्रियापदात लपवलेला असतो. उदाहरणार्थ, ‘द मेकॅनिक इज रिपेअरिंग माय स्कूटर.’ पर्यायांत ‘माय स्कूटर’नंतर अनुक्रमे ‘इज रिपेअर्ड’, ‘वॉज बीइंग रिपेअर्ड’, ‘हॅज बीन रिपेअर्ड’ आणि ‘इज बीइंग रिपेअर्ड’. ‘आयएनजी’ दिसलं की ‘बीइंग’ लागतं, एवढं पोरांना पाठ असतं. म्हणून ती दुसऱ्या पर्यायावर ‘बीइंग’ पाहतात आणि खूण करून मोकळी होतात. त्याच्या आधीच्या ‘वॉज’ने काळ बदललाय हे कुणी बघतच नाही. बरोबर पर्याय शेवटी ठेवलाय तो याचसाठी.

यावर बॅचमध्ये आम्ही एकच शिस्त पाळतो. पर्याय हाताने झाकायचे, मूळ क्रियापदाखाली रेघ मारून समासात काळ लिहायचा. मग ‘बी’चं रूप त्याच काळात उभं करायचं आणि पुढे मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप. ‘इज रिपेअरिंग’मध्ये ‘बी’ बसवलं की ‘इज बीइंग’, पुढे ‘रिपेअर्ड’. उत्तर तयार झाल्यावरच हात काढायचा. सुरुवातीला वेळ जातो, पण चुकीच्या उत्तराला ०.५० गुण कापले जातात तिथे तो वसूल होतो.

नॅरेशनच्या भागात मात्र आपल्या मुलांची अडचण वेगळी आहे. मराठीत आपण ‘ती म्हणाली की मी दमलेय’ किंवा ‘ती दमलीय’ असंच म्हणतो. ‘म्हणाली’ भूतकाळात गेलं म्हणून आतलं वाक्य मागे सरकत नाही. त्यामुळे ‘शी सेड दॅट शी इज टायर्ड’ कानाला खटकत नाही, आणि संच बनवणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असावं. ‘राहुल सेड टू मी, “आय मेट युअर ब्रदर यस्टर्डे.”’ या प्रश्नात एक पर्याय ‘मेट’ तसाच ठेवतो, दुसरा ‘हॅज मेट’ करतो, तिसऱ्यात ‘हॅड मेट’ असूनही ‘यस्टर्डे’ तसंच राहतं. उत्तर ‘राहुल टोल्ड मी दॅट ही हॅड मेट माय ब्रदर द प्रीव्हियस डे’. तिसरा पर्याय हुशार मुलांना पाडतो, कारण काळ तपासून ती तिथेच थांबतात. बोलण्यात ‘मेट’ तसंच ठेवलेलं इंग्रजीत सर्रास चालतं. परीक्षेला मात्र ‘हॅड मेट’ समोर असेल तर तेच घ्यावं.

चार दिवस काळ मागे ढकलायची सवय लागली की संच मध्येच ‘शी सेज’ टाकतो. तिथे ‘सेज’ वर्तमानात असल्यामुळे आत काही हलत नाही, पण सवयीने अर्धी बॅच ‘वॉज’ निवडते. मिश्र सरावाचा हा भाग मला सगळ्यात आवडला.

आता तक्रार. ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’ यांसारख्या क्रियापदांची तिन्ही रूपं सारखी असतात. ‘शी पुट द बुक्स ऑन द टेबल’ हा प्रश्न सुंदर आहे: ‘पुट’ला ‘एस’ नाही आणि कर्ता ‘शी’, म्हणजे वाक्य भूतकाळी, म्हणून ‘वेअर पुट’ बरोबर आणि ‘आर पुट’ चूक. पण दोन पानांनी तोच डाव ‘दे कट द ट्रीज’वर खेळलाय. कर्ता ‘दे’ असल्यावर ‘एस’चा पुरावाच उरत नाही आणि वाक्यात काळ सांगणारा शब्दही नाही. ‘आर कट’ आणि ‘वेअर कट’ दोन्ही बरोबर ठरतात. उत्तरतालिकेत फक्त दुसरं दिलंय आणि स्पष्टीकरण काय, तर ‘नियम ७ पाहा’. नियम ७ मध्ये साध्या भूतकाळाचं सूत्र आहे; वाक्य भूतकाळीच का, ते नाही. पोरांनी यावर तासभर वाद घातला आणि त्यांचं चुकलं नव्हतं. असे दुहेरी उत्तराचे प्रश्न आणखीही आहेत, बहुतेक याच क्रियापदांवरचे. मी वाक्यात ‘लास्ट इयर’ घालून ते सोडवून घेतो.

स्पष्टीकरणं एकूणच तुटपुंजी आहेत. ज्याला काळ ओळखताच येत नाहीत त्याने हा संच एकट्याने घेऊ नये. अंदाजाने खुणा करत बसेल. काळांचा तक्ता पक्का असून गुण गळत असतील, त्याच्यासाठी मात्र कामाचा आहे. पुढच्या बॅचलाही हाच घेणार, फक्त उत्तरांची पानं आधीच फाडून माझ्याकडे ठेवेन.