लेसिक करून ९ महिने झाले: कॉर्नियाची जाडी, कोरडे डोळे आणि रात्रीचे दिवे

माझं वय २९, नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ५ आणि वर पाऊण सिलिंडर, आठवीपासून चष्मा आणि कॉलेजपासून लेन्स. पुण्यात फेम्टो लेसिक करून आता नऊ महिने झाले. चष्मा सुटला, दिवसा सगळं स्वच्छ दिसतं. पण करण्याआधी मी जे शोधत होते ते नीट कुठे मिळालं नव्हतं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिल्यांदा ज्या क्लिनिकमध्ये गेले तिथे पंधरा मिनिटांत "जाडी मस्त आहे, शनिवारी करून टाकू" असं सांगितलं. मी सकाळपर्यंत लेन्स घालून होते आणि ते कोणी विचारलंच नाही. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याचा, आकार थोडा बदललेला असतो, त्यामुळे नंबरही चुकीचा येऊ शकतो आणि त्या आकाराचा नकाशाही. सॉफ्ट लेन्स निदान एक-दोन आठवडे बंद ठेवून मगच तपासणी करायची असते, कडक लेन्स असेल तर त्याहून जास्त. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न हाच विचारला आणि मला दोन आठवड्यांनी परत बोलावलं, तिथेच माझा विश्वास बसला.

आता जाडीचं गणित, हे प्रत्येकाने स्वतः करून बघावं. माझा कॉर्निया मधोमध ५३२ मायक्रॉन निघाला, साधारण ५४० सरासरी धरतात म्हणजे ठीकच. लेसिकमध्ये आधी वरचा पापुद्रा उचलतात, म्हणजे फ्लॅप, माझा ११० मायक्रॉनचा. मग लेसर खालचा थर घासतो, आणि साडेसहा मिलिमीटरचा भाग सुधारायचा असेल तर एका नंबरला ढोबळमानाने १४ मायक्रॉन जातात. माझे पावणेसहा नंबर धरले तर ८० च्या आसपास. ५३२ मधून ११० आणि ८० गेले की खाली ३४२ उरतात. २५० च्या खाली जायचंच नाही ही जुनी मर्यादा, पण माझ्या डॉक्टर ३०० च्या खाली जात नाहीत. फ्लॅप परत बसवला तरी तो पूर्वीसारखा भार घेत नाही, म्हणून तो या उरलेल्यात मोजत नाहीत. ५३२ जाडी "चांगली" की नाही हे तुमच्या नंबरवर ठरतं, नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. मायनस ९ वाल्याला हाच कॉर्निया कमी पडेल, १२६ गेले की खाली ३०० सुद्धा उरत नाहीत.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जाडी कमी पडत असली की घासायचा भाग लहान करता येतो, साडेसहाऐवजी सहा मिलिमीटर केला तर नंबरमागे १४ च्या जागी १२ च मायक्रॉन जातात. कागदावर बचत होते, पण अंधारात बाहुली मोठी होते आणि ती त्या सुधारलेल्या भागाच्या बाहेर गेली की कडेचा प्रकाश वेगळ्या जागी पडतो, मग दिव्यांभोवती कडी दिसतात. म्हणून अंधारातली बाहुली किती मोठी होते आणि माझ्यासाठी भाग किती मिलिमीटरचा ठेवणार, हे दोन प्रश्न नक्की विचारा. माझी बाहुली अंधारात साडेसहाच्या थोडी वर जाते, त्यामुळे "रात्री काही महिने कडी दिसतील, थोडी कायमचीही राहू शकतात" असं मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

माझ्या मावसभावाचं उलटं झालं. त्याचा नंबर जेमतेम मायनस ३, जाडी ५४८, तो खुशीत होता आणि त्याला नाही म्हणाले. पेंटाकॅमच्या नकाशात कॉर्नियाचा खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त उभार दिसला आणि मागच्या बाजूलाही थोडा फुगवटा होता, म्हणजे केराटोकोनसची, कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची, शंका. त्याला लहानपणापासून ॲलर्जी आहे आणि डोळे कचाकचा चोळायची सवय. अशा कमकुवत कॉर्नियावर लेसर केला तर तो पुढे येत जाऊ शकतो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. त्यामुळे जाडी भरपूर असली तरी आकाराचा नकाशा काढल्याशिवाय कोणी हो म्हणत असेल तर उठून या.

बाकी अटी सगळ्यांना माहीत असतात: वर्षभर नंबर स्थिर हवा, गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना करत नाहीत, पिंपल्सच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं.

कोरडेपणाबद्दल मात्र मी सविस्तर सांगणार. माझी शिर्मर टेस्ट, म्हणजे खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात ती, ११ मिलिमीटर आली, काठावर पास. पण पापणी न मिटता अश्रूंचा थर सातच सेकंद टिकत होता, दहा तरी हवेत. दिवसभर स्क्रीन आणि एसी, त्यामुळे पापणीच्या कडेच्या तेलाच्या ग्रंथी तुंबलेल्या. मॅडमनी ऑपरेशन सहा आठवडे पुढे ढकललं आणि रोज गरम शेक, पापण्या स्वच्छ करणं आणि ड्रॉप्स चालू केले. तेव्हा मला राग आला होता, आज वाटतं तेच सगळ्यात बरोबर होतं.

कारण फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, मग डोळ्याला कोरडं पडल्याचं नीट कळत नाही, पापणी कमी मिटते, पाणीही कमी येतं. नसा परत वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. पहिला महिना मी दर दोन तासांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स टाकत होते, तिसऱ्या महिन्यात पाच वेळा, आता दुपारी एकदा आणि प्रवासात. अमेरिकेच्या एफडीएच्या अभ्यासातही आधी त्रास नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी कोरडेपणा सांगितला होता, म्हणजे हे काही माझ्या एकटीचं नाही.

मला जळजळ फार झाली नाही, संध्याकाळी चारनंतर स्क्रीनवरची अक्षरं धूसर व्हायची आणि मी घाबरायचे की नंबर परत आला. मॅडमनी साधी खूण सांगितली: तीन-चार वेळा पापण्या मिटून किंवा ड्रॉप टाकून स्पष्ट झालं तर तो कोरडेपणा, नाही झालं तर तपासायला ये.

रात्रीच्या दिव्यांनाही मी हीच खूण लावली. हिंजवडीहून रात्री दहाला बायपासवरून घरी येताना पहिले दोन महिने समोरच्या प्रत्येक हेडलाइटभोवती कडं आणि त्यातून किरणं दिसायची, पावसात तर मी गाडी चालवलीच नाही, नवरा चालवायचा. तिसऱ्या महिन्यात कळलं की निघण्याआधी ड्रॉप टाकला तर त्यातलं निम्मं जातं, म्हणजे तेवढं कोरडेपणाचं होतं. उरलेलं हळूहळू सहाव्या महिन्यापर्यंत कमी झालं. तपासणीत उजव्या डोळ्याला अर्धा सिलिंडर उरलाय असं निघालं, त्याने किरणं दिसतात. रात्रीच्या ड्रायव्हिंगपुरता त्या नंबरचा चष्मा गाडीत ठेवलाय. पिवळसर एलईडी दिवे आता नॉर्मल दिसतात, पांढऱ्या हाय बीमभोवती बारीक कडं अजून आहे आणि ते राहील असं मी धरून चालतेय. तुमची नोकरीच रात्रीच्या गाडीची असेल तर हे मनात पक्कं करूनच जा.

मावसभाऊ आता दर सहा महिन्यांनी नकाशा काढून घेतो. ॲलर्जीचे ड्रॉप्स चालू आहेत, डोळे चोळणं बंद केलंय आणि दोन्ही वेळच्या नकाशात फरक पडलेला नाही. वाढ दिसली तर सीथ्रीआर, म्हणजे कॉर्निया घट्ट करायची प्रक्रिया, करायची असं ठरलंय, तोवर चष्माच.