पॉकेट होल जिग, सागवानी फेस फ्रेम आणि मधे एक अख्खा पावसाळा : वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो मग बाकीचं. किचनच्या खालच्या कपाटांची पुढची चौकट म्हणजे फेस फ्रेम करायला पॉकेट होल, म्हणजे पट्टीच्या मागून तिरकं भोक मारून त्यातून स्क्रूनं जोडायची पद्धत, एकदम चालतंय, पण स्क्रू कुठला, क्लॅम्प कुठं आणि उभ्या पट्टीचं टोक फुटू नये म्हणून काय करायचं हे तीन बघितलं तरच. हे तिन्ही नीट नसेल तर पैसे घालून फाटलेल्या पट्ट्या गोळा करायचा धंदा आहे. माझ्याकडचा जिग, म्हणजे भोक मारताना बिटाला तिरकं धरणारा साचा, ॲल्युमिनियमचा, दोन भोकांचा, ऑनलाइन मागवलेला, कंपनीचं नाव घालत नाही कारण असले सगळे सारखेच असतात आणि खरी गंमत जिगमधे नाहीच.

गंमत आहे ती तिरकेपणात. जिगमधलं बुश म्हणजे बिट जातं ती नळी बिटाला साधारण १५ अंशात धरतं, साडेनऊ मिमीचं पायरीवालं बिट, पुढं बारीक टोक. पट्टीच्या मागच्या बाजूनं भोक मारायचं, स्क्रूचं डोकं आत पायरीवर बसतं आणि टोक पट्टीच्या तोंडातून जाडीच्या बरोब्बर मध्यावर बाहेर पडतं. आता स्क्रू तिरका जातोय म्हणजे दुसऱ्या पट्टीत शिरल्यावर पण तो पुढच्या, म्हणजे दिसणाऱ्या बाजूकडं चढतच राहणार. एवढं एक डोक्यात बसलं की लांबीचा आणि क्लॅम्पचा हिशोब आपोआप कळतो.

लांबीचंच बघा. आपल्याकडं सागवानाची पट्टी रंधा मारून सहा सूत म्हणजे १९ मिमीला आणतात. त्याला सव्वा इंची, ३२ मिमी स्क्रू. यातला निम्मा आडव्या पट्टीत राहतो आणि साधारण १६ मिमी उभ्या पट्टीत जातो, आणि तेवढ्या अंतरात तो ४ मिमी वर चढतो, म्हणजे टोक दिसणाऱ्या बाजूपासून साडेपाच मिमी आत थांबतं. सेफ आहे. बेळगावात खडेबाजारात हार्डवेअरवाल्यानं सव्वाचे संपलेत म्हणून दीड इंची हातात दिले तर घेऊ नका, १९ ला कसंबसं निभावेल पण पट्टी रंध्याखाली जास्त जाऊन १६ ला उतरलेली असेल तर टोक पुढून दोनेक मिमीवर येतं, लाकूड फुगतं, आणि पॉलिश मारल्यावर त्या जागी डोळा आल्यासारखं दिसतं. उलट एक इंची घातला तर उभ्या पट्टीत फक्त ९ मिमी पकड, घट्ट करता करता आटे लाकूड खातात आणि स्क्रू नुसता फिरत बसतो. बारा मिमीच्या पट्टीला मात्र एक इंचीच बरोबर, जिगची सेटिंग आणि बिट किती खोल जायचं ते ठरवणारी कॉलर दोन्ही त्याप्रमाणं बदलून.

स्क्रूचं डोकं हा वेगळाच विषय. काळे जिप्समचे स्क्रू स्वस्त म्हणून सगळे तेच मारतात, पण त्यांचं डोकं खालून निमुळतं असतं, ते पॉकेटच्या सपाट पायरीवर बसत नाही, पाचरीसारखं घुसून आडवी पट्टीच फाडतं. खालून सपाट, वॉशर असलेल्या डोक्याचाच स्क्रू पायजे. आणि सागवान, होन्ने, मत्ती असल्या कठीण लाकडाला बारीक आट्याचा, प्लायला आणि मऊ लाकडाला जाड आट्याचा. जाड आट्याचा स्क्रू सुक्या सागवानात घातला की कडकड आवाज येतो तोच इशारा आहे, थांबायचं.

आता खरं काम सांगतो. ९०० रुंद ७२० उंच कपाटाची चौकट, कपाट १८ मिमी प्लायचं. दोन उभ्या पट्ट्या ४० रुंद, वरची आडवी ५० रुंद, खालची ४०, मधे एक उभी ४०. आडव्या पट्ट्यांची लांबी ९०० वजा दोन चाळीस म्हणजे ८२०. मधली उभी ७२० वजा ५० वजा ४०, म्हणजे ६३०. दोन्ही बाजूला ३९० ची मोकळी जागा राहते. भोकं मारायची ती आडव्या पट्ट्यांच्या टोकांना आणि मधल्या उभीच्या टोकांना, बाहेरच्या उभ्या पट्ट्यांना एकही भोक नाही. कारण स्क्रू आडव्या पट्टीतून तिच्या रेषांच्या दिशेनं जातो आणि उभ्या पट्टीच्या कडेत रेषांना आडवा शिरतो, तिथं आटे धरतात. उलटं केलं तर स्क्रू पट्टीच्या कापलेल्या तोंडात जातो, तिथं लाकूड भुश्यासारखं सुटतं. प्रत्येक टोकाला दोन स्क्रू, एकूण बारा. ५० च्या पट्टीला कडेपासून पंधराएक मिमी सोडून, ४० च्या पट्टीला दहा-बारा, त्याहून कडेजवळ गेलात तर कडेचा पापुद्रा उडतो.

आणि फाटतं कुठं, तर बाहेरच्या उभ्या पट्टीच्या टोकाला. वरची आडवी पट्टी तिथं टोकाशी सपाट येते, म्हणजे वरचा स्क्रू उभ्या पट्टीच्या टोकापासून फक्त १५ मिमीवर शिरतो. स्क्रू रेषा बाजूला ढकलतो, आतल्या बाजूला ढकलायला भरपूर लाकूड असतं पण टोकाकडं काहीच नसतं म्हणून चीर तिकडंच पळते. सुरवातीला ती केसाएवढी असते, नुसत्या उजेडात दिसत नाही, टोकाला थोडं पाणी किंवा थिनर लावलं की काळी रेघ उठून येते. आमच्याकडं खानापूरचे एक मामा मेस्त्री येतात, त्यांनी हा जिग बघून पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, "असल्या वाकड्या भोकावर चौकट टिकतंय व्हय रे, खाच पाडून बसीव की सरळ." पण फाटण्यावर खरा उपाय त्यांनीच सांगितला, "उभी पट्टी दोन्हीकडं बोटभर लांब ठेव, स्क्रू बसल्यावर काप." जुनी खाचेची चौकट करताना असंच कान सोडतात. म्हणून ७२० च्या जागी उभी पट्टी ७७० कापायची, दोन्ही टोकांना २५ जादा, गुण्यानं ७२० च्या दोन रेघा मारायच्या आणि आडवी पट्टी रेघेवर बसवायची. जोर सगळा स्क्रू आत जाताना असतो, त्या वेळी पुढं ४० मिमी लाकूड असलं की चीर जात नाही, नंतर बारीक दाताच्या करवतीनं कान उडवा.

त्याच्या जोडीला पायलट, म्हणजे स्क्रूच्या आधी मारलेलं बारीक भोक. जिगचं बिट फक्त आडव्या पट्टीत भोक पाडतं, उभ्या पट्टीत स्क्रू स्वतःच वाट काढतो. मऊ लाकडात चालतं. सागवानात टोकाजवळच्या स्क्रूला मी क्लॅम्प लावून झाल्यावर अडीच मिमीचं लांब बिट पॉकेटमधूनच आत घालतो, मत्तीसारख्या दगडी लाकडाला ३ मिमी. बिट लांबच लागतं नाहीतर ड्रिलचा चक पट्टीला धडकतो, आणि किती आत जायचं त्याला बिटावर टेपचा तुकडा चिकटवा. आट्यांना मेणबत्ती घासायची, साबण नको, साबण ओल धरतो आणि आपल्याकडच्या पावसात स्क्रू गंजतो.

क्लॅम्पबद्दल लोक म्हणतात स्क्रूच ओढून घेतो मग क्लॅम्प कशाला. स्क्रू ओढतो ते शेवटी, आधी ढकलतो. टोक उभ्या पट्टीला टेकतं तेव्हा आटे लागायच्या आधी तो तिला लांब सारतो आणि तिरका असल्यानं दिसणाऱ्या बाजूकडं पण उचलतो. म्हणून सैल धरलेल्या सांध्यात पुढून नेहमी उभी पट्टीच अर्धा मिमी वर आलेली सापडते. यावर एकच इलाज, रुंद चकतीचा लॉकिंग क्लॅम्प, दोन पकडींतली मोठी चकती दिसणाऱ्या बाजूला आणि ती बरोबर सांध्याच्या रेघेवर, अर्धी या पट्टीवर अर्धी त्या पट्टीवर. चौकट पालथी ठेवायची, दिसणारी बाजू खाली, टेबल सपाट पायजे. पट्ट्यांच्या जाडीत फरक असेल, आणि आपल्या सॉ मिलमधून येणाऱ्या मालात असतोच, तर तो फरक मागं जाऊ दे, पुढं नको. बसल्यावर उलटी करून नख सांध्यावरून फिरवायचं. नख अडलं तर सॅंडपेपर घेऊन घासत बसू नका, स्क्रू पूर्ण बाहेर काढा, क्लॅम्प पुन्हा आवळा आणि परत घाला. अर्धवट सैल करून परत आवळला तर आटे जुन्याच जागी धरतात, फट तशीच राहते.

ड्रिलचा क्लच कमी नंबरवर ठेवायचा आणि शेवटचा अर्धा वेढा हातातल्या पेचकसानं, कारण मशीननं जोरात आवळलं तर डोकं पायरीत रुतून आडवी पट्टी आतून चिरते आणि ते बाहेरून कळत पण नाही. फेविकॉल लावतो मी, पातळ, आडव्या पट्टीच्या तोंडाला आधी एक हात चोळून सुकू द्यायचा मग दुसरा. स्क्रू बसला की क्लॅम्प लगेच सुटतो, वाट बघायला लागत नाही, दिवसात जास्त चौकटी होतात त्या यामुळंच. लावायचा क्रम आधी मधली उभी दोन आडव्यांच्या मधे, मग बाहेरच्या दोन्ही.

तक्रार म्हणाल तर जिगबरोबर आलेल्या कॉलरची. तिचा बारीक स्क्रू काम करता करता सैल होतो, कॉलर सरकते आणि भोक खोल जाऊन पायरीच पातळ होते, मग डोकं पार निघून जातं. उद्यमबागेतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून जाड कॉलर टर्न करून घेतली, दोन स्क्रूंची, तेव्हापासून शांत. चौकोनी खाचेच्या स्क्रूंना लागणारी पेचकस बिटं पण जादा मागवून ठेवा, बेळगावात प्रत्येक दुकानात मिळतील असं नाही.

पावसाळ्यानंतरचं सांगायचं तर शहापुरातल्या एका घरात सिंकखालच्या चौकटीला वरच्या सांध्यात कडेला केसाएवढी रेघ उघडली, पॉलिशमधून दिसते. हलवून बघितलं, सांधा हलत नाही. ५० ची पट्टी रुंदीत फुगते आकसते, उभी पट्टी लांबीत हलत नाही, तेवढी रेघ येणारच, खाचेच्या सांध्याला पण येते. जिथं कान सोडून केलं तिथं एकही टोक फाटलेलं मिळालं नाही. शटरच्या चौकटीला मात्र मी हे वापरत नाही. फेस फ्रेमला मागं कपाटाचा आधार असतो, शटर बिजागरीवर लोंबकळतं, उघडझाक होते, आणि दार उघडलं की मागची भोकं गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर. तिथं मामांच्या खाचेलाच काम द्यायचं.