रोखेखरेदीची रक्कम ठरवावी की व्याजदर? ऑस्ट्रेलियाने एकाच वेळी वापरलेल्या दोन पद्धतींची तुलना

अल्पमुदतीचा धोरणदर शून्याजवळ आला की मध्यवर्ती बँकेला तो आणखी खाली नेता येत नाही. मग ती बाजारातून रोखे विकत घेऊन लांब मुदतीचे दर खाली आणू पाहते. हे दोन तऱ्हांनी करता येतं. एकीत बँक रक्कम जाहीर करते: इतक्या अब्जांचे रोखे घेऊ, दर काय तो बाजार ठरवेल. दुसरीत ती दर जाहीर करते: अमुक मुदतीच्या रोख्याचा परतावा याच्या वर जाऊ देणार नाही, त्यासाठी लागतील तितके रोखे घेऊ. या दोन्हींची तुलना बहुतेक वेळा अमेरिका आणि जपान शेजारी ठेवून होते, पण त्या दोन अर्थव्यवस्थांमध्ये इतर फरकच इतके आहेत की पद्धतीचा गुण-दोष वेगळा काढता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2020 पासून वर्षभर दोन्ही पद्धती एकत्र चालवल्या. देश तोच, बाजार तोच, काळही तोच. पद्धत निवडायची असेल तर याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आधी रोखेखरेदीने दर उतरतो कसा, ते पाहू. 100 दर्शनी किमतीचा, वर्षाला 2 व्याज देणारा दहा वर्षांचा रोखा 100 ला मिळत असेल तर त्याचा परतावा 2 टक्के. मोठा खरेदीदार आला आणि किंमत 104.6 झाली, की नव्याने घेणाऱ्याला तोच रोखा साधारण दीड टक्काच देतो. व्याज तेवढंच, पण ते मिळवायला पैसे जास्त मोजावे लागतात. सरकारी रोख्यांवरचा दर हा इतर लांब मुदतीच्या कर्जांचा पाया असतो, त्यामुळे तो सरकला की वरचे थरही सरकतात.

पण हा परतावा दोन भागांचा बनलेला असतो, आणि निवडीचा सगळा पेच इथेच आहे. पहिला भाग म्हणजे पुढच्या काही वर्षांत धोरणदर सरासरी किती राहील याचा अंदाज. दुसरा म्हणजे इतकी वर्षं पैसे अडकवून किमतीतल्या चढउताराची जोखीम घेण्याबद्दल गुंतवणूकदार मागतो ती भर. तिला टर्म प्रीमियम म्हणतात. मुदत तीन वर्षांची असेल तर पहिला भाग वरचढ असतो, दहा वर्षांची असेल तर दुसऱ्याचं वजन बरंच वाढतं. दराचं लक्ष्य पहिल्या भागावर काम करतं, ठरलेल्या रकमेची खरेदी मुख्यतः दुसऱ्यावर.

दोन्ही योजना कशा होत्या

19 मार्च 2020 रोजी बँकेने धोरणदर 0.25 टक्क्यावर आणला आणि तीन वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावाही 0.25 टक्क्याच्या आसपास ठेवण्याचं लक्ष्य जाहीर केलं. 3 नोव्हेंबर 2020 रोजी दोन्ही आकडे 0.10 वर आले. त्याच दिवशी दुसरी योजना आली: सहा महिन्यांत 100 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचे, पाच ते दहा वर्षं मुदतीचे रोखे, आठवड्याला साधारण 5 अब्ज. यात सुमारे 80 टक्के केंद्र सरकारचे आणि 20 टक्के राज्यांचे. दर आठवड्याला ठरलेल्या वारी उलटा लिलाव होई: विक्रेते आपले रोखे किती परताव्याला देणार ते सांगत, बँक त्यातले परवडणारे देकार स्वीकारी आणि पैसे व्यापारी बँकांच्या तिच्याकडच्या खात्यांत जमा करी. हे पैसे बँकेने नव्याने निर्माण केलेले असतात, आणि त्या खात्यांवर पुढे व्याज द्यावं लागतं. हा मुद्दा शेवटी पुन्हा येणार आहे.

सुरुवातीला दराचं लक्ष्य स्वस्त पडतं

बँकेचा शब्द खरा मानला जातो तोवर दराच्या लक्ष्यासाठी फारसे रोखे घ्यावेच लागत नाहीत. मार्च-एप्रिल 2020 मध्ये सुमारे 50 अब्जांची खरेदी झाली, आणि त्यातलीही बरीच बिथरलेला बाजार सुरळीत करण्यासाठी होती. त्यानंतर मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टपर्यंत एकही रोखा न घेता परतावा लक्ष्यापाशी टिकला. बँक 0.25 ला घेणारच आहे हे माहीत असताना त्याहून स्वस्तात रोखा कोण विकणार?

रकमेच्या योजनेत अशी बचत नाही. आठवडा आला की 5 अब्जांचे रोखे घ्यायचेच. फेब्रुवारी 2022 मध्ये ती थांबली तोवर 281 अब्जांचे रोखे जमा झाले होते. बँकेच्या स्वतःच्या अंदाजाने त्यामुळे लांब मुदतीचे परतावे अन्यथा असते त्यापेक्षा साधारण 0.30 टक्क्याने खाली राहिले. इतक्या मोठ्या खरेदीतून एवढाच परिणाम हे पाहून काही जण निराश होतात. पण टर्म प्रीमियम मुळातच लहान असतो, त्यातला इतका भाग काढून घेणं कमी नाही. मात्र हा आकडा थेट मोजता येत नाही, तो अंदाजच राहतो. याच काळात जगभर परतावे चढले तेव्हा ऑस्ट्रेलियाचेही चढले. खरेदीने ती चढण थांबवली नाही, थोडी कमी केली. जनतेला आणि संसदेला हे पटवणं अवघड जातं, कारण 'अन्यथा किती असते' ते कुणालाच दाखवता येत नाही. दराचं लक्ष्य पडद्यावर दिसतं: 0.10 म्हटलं, 0.10 आहे.

तुटतं तेव्हा

दिसतं, म्हणूनच ते तुटलं की सगळ्यांना दिसतं. लक्ष्य एप्रिल 2024 मध्ये परत होणाऱ्या रोख्याशी बांधलेलं होतं आणि त्यामागे शब्द होता: धोरणदर 2024 च्या आधी वाढण्याची शक्यता नाही. 27 ऑक्टोबर 2021 ला महागाईचे आकडे आले. टोकाचे चढउतार वगळून मोजलेली मूळ महागाई वर्षाला 2.1 टक्के निघाली, म्हणजे कित्येक वर्षांनी बँकेच्या 2 ते 3 टक्क्यांच्या पट्ट्यात शिरली. दरवाढ 2024 च्या आधीच होईल असं बाजाराने धरलं. 22 ऑक्टोबरला बँकेने 1 अब्जांचे रोखे घेऊन लक्ष्य राखलं होतं. 28 तारखेला ती बाजारात उतरलीच नाही. दोन दिवसांत परतावा 0.10 वरून पाऊण टक्क्याच्या आसपास गेला, आणि 2 नोव्हेंबरला लक्ष्य अधिकृतपणे सोडलं गेलं. पुढे बँकेने स्वतःच्या आढाव्यात ही माघार अव्यवस्थित झाली आणि त्यातून प्रतिष्ठेला धक्का बसला हे मान्य केलं.

या माघारीला मधला रस्ता नव्हता. शब्दावरचा विश्वास उडाला की 0.10 चा रोखा ज्याच्याकडे आहे त्याला तो बँकेलाच विकायचा असतो, म्हणजे बचाव करायचा तर जवळजवळ सगळेच रोखे घ्यावे लागतात. त्या एका रोख्यातला निम्म्याहून जास्त भाग तेव्हा आधीच बँकेकडे होता. रकमेच्या योजनेत असा कडेलोट होत नाही. बँकेने सप्टेंबर 2021 मध्ये आठवड्याचे 5 अब्ज 4 वर आणले आणि 10 फेब्रुवारी 2022 ला खरेदी थांबवली. परतावे वाढले, पण त्या दिवशी कुणाचा शब्द मोडला नाही.

दराचं लक्ष्य पोकळ होत चाललं आहे हे कसं ओळखावं? लक्ष्याच्या रोख्याकडे नव्हे, त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावं. ऑक्टोबर 2021 मध्ये एप्रिल 2024 चा रोखा 0.10 जवळ होता, तर त्यानंतर काही महिन्यांनी परत होणाऱ्या रोख्याचा परतावा आणि तेवढ्याच मुदतीचे स्वॅप दर, म्हणजे बदलत्या व्याजाच्या बदल्यात ठरावीक व्याज देण्याघेण्याच्या करारांतले दर, वर निघाले होते. बँका मुदतबंद गृहकर्जाचा दर स्वॅप पाहून ठरवतात. म्हणजे पडद्यावर लक्ष्य पाळलं जात असताना कर्जदाराचा दर सुटलेला असतो. दुसरी खूण म्हणजे लक्ष्याचा रोखा बाजारात मिळेनासा होणं.

कर्जदारापर्यंत काय पोचतं

ऑस्ट्रेलियात गृहकर्जं एकतर धोरणदराबरोबर बदलणारी असतात, नाहीतर दोन-तीन वर्षांपुरती दर बांधलेली. त्यामुळे तीन वर्षांच्या दरावरचा दाब थेट घरापर्यंत पोचला. दहा वर्षांच्या परताव्यातल्या घटीचा फायदा मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारांच्या कर्जाला आणि विनिमय दराच्या वाटेने निर्यातदारांना झाला. अमेरिकेत चित्र उलटं: तिथलं गृहकर्ज तीस वर्षं एकाच दराचं, म्हणून फेडरल रिझर्व्हने नोव्हेंबर 2008 मध्ये सरकारी रोख्यांऐवजी गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांपासून सुरुवात केली. पद्धत ठरवण्याआधी मुदत ठरते, आणि ती आपल्या कर्जदारांचे दर कुठल्या मुदतीवर टांगलेले आहेत यावरून.

मग निवडायचं काय

दोन-तीन वर्षं धोरणदर हलणार नाही याची खरोखर खात्री असेल आणि मुदत आखूड असेल, तर दराचं लक्ष्य घ्यावं. कमी पैशात जास्त परिणाम मिळतो. मात्र माघारीची अट पहिल्याच दिवशी जाहीर करावी, आणि ती तारखेची नको, महागाईची हवी. 2024 ही तारीख होती म्हणूनच बँक अडकली. प्रत्यक्षात पहिली दरवाढ 3 मे 2022 लाच झाली. लक्ष्य एकाच रोख्याला न बांधता पुढे सरकत्या मुदतीला बांधलं असतं तर अडचण वाढली असती, कारण दरवाढीचा काळ हळूहळू त्या मुदतीत येत गेला असता. जुलै 2021 मध्ये बँकेने लक्ष्य पुढच्या रोख्यावर नेलं नाही, हा निर्णय मला योग्य वाटतो.

खात्री नसेल किंवा गरज लांब मुदतीची असेल, तर रकमेची योजना बरी. तिची किंमत नंतर समोर येते. लांब मुदतीचा रोखा किमतीत जास्त हलतो: परतावा 0.65 ने वाढला तर अडीच वर्षांच्या रोख्याचे 100 मागे साधारण 1.6 जातात, दहा वर्षांच्या रोख्याचे सुमारे 6. शिवाय घेतलेल्या रोख्यांवरचं व्याज कमी आणि कायम, तर व्यापारी बँकांच्या खात्यांवर द्यायचं व्याज धोरणदराबरोबर चढतं. तो दर नोव्हेंबर 2023 मध्ये 4.35 टक्क्यांवर गेला. 2021-22 या वर्षात ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेला 36.7 अब्जांचा हिशेबी तोटा झाला आणि तिचं भांडवल उणे 12.4 अब्जांवर गेलं. मध्यवर्ती बँक आपले देणे स्वतःच्याच चलनात देते, त्यामुळे तिचं काम थांबत नाही. पण सरकारला वर्षानुवर्षं मिळणारा लाभांश थांबतो, म्हणून अर्थखात्याशी ही बोलणी पहिल्या लिलावाआधी झालेली असावीत.