एसएसडी ‘सुरू करून दिली’, पण डेटा पुसून

फर्मवेअर अपडेट अर्धवट राहून एसएसडी दिसेनाशी झाली आणि कोणी “आणून द्या, सुरू करून देतो” म्हणालं, तर ती हातातून सोडण्याआधी हे वाचा. माझ्या बहिणीला याच वाक्याने फसवलं आणि तिचं कित्येक वर्षांचं काम कायमचं गेलं.

उत्पादकाच्याच सॉफ्टवेअरमधून अपडेट चालू असताना तिचा लॅपटॉप अचानक बंद पडला. परत चालू केल्यावर विंडोज येईना. बायोसमध्ये एसएसडीच्या मॉडेलच्या जागी भलतंच नाव दिसत होतं: `SATAFIRM S11`. या नावावरून काय बिघडलंय याचा अंदाज येतो. एसएसडीच्या कंट्रोलर चिपमध्ये एक छोटा, न पुसला जाणारा प्रोग्राम असतो. वीज मिळाली की तो मेमरी चिपमधून खरं फर्मवेअर उचलतो. ते अर्धवट सापडलं तर तो तिथेच अडतो आणि मॉडेलच्या जागी हे नाव दाखवतो. फाइल्स अशा वेळी बहुधा जागच्या जागी असतात. कोणता डेटा मेमरीत कुठे ठेवलाय याचा तक्ता वाचणारं मात्र कोणी उरलेलं नसतं.

इथून दोन वाटा फुटतात. एकीत तंत्रज्ञ खास उपकरणाने कंट्रोलरच्या तात्पुरत्या मेमरीत फर्मवेअर चढवतो, तक्ता वाचतो आणि डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो. मूळ एसएसडीवर काहीच लिहिलं जात नाही. हे काम महाग असतं आणि प्रत्येक कंट्रोलरसाठी जमतही नाही. दुसऱ्या वाटेत बोर्डावरचे दोन बिंदू जोडून कारखान्यातलं टूल चालवतात. थोड्याच वेळात एसएसडी ठणठणीत होते, पण तक्ता नव्याने, कोरा तयार होतो. त्यानंतर डेटा परत मिळण्याची आशा जवळपास संपते.

बहिणीने एसएसडी ज्याच्याकडे दिली, त्या माणसाने पैसे पहिल्या वाटेचे घेतले आणि काम दुसऱ्या वाटेचं केलं. “डेटा नक्की निघेल” म्हणत आगाऊ रक्कम घेतली. नंतर रिकामी एसएसडी हातात ठेवून म्हणाला, “ताई, फाइल्स आधीच करप्ट होत्या. ड्राइव्ह तरी वाचवली.” आणि दुरुस्तीचे वेगळे पैसे लावले.

मला शंका आली म्हणून मी ती माझ्या संगणकाला लावून डिस्कची अंतर्गत माहिती दाखवणारी ही कमांड ॲडमिन अधिकारांनी चालवली:

```
smartctl -a /dev/sda
```

सिरियल नंबर स्टिकरवरच्या नंबराशी जुळत नव्हता. `Power_On_Hours`, म्हणजे एसएसडी एकूण किती तास चालली तो आकडा, हजारोंत असायला हवा होता. तो एक आकडी होता. वर्षानुवर्षं वापरलेली एसएसडी स्वतःला कालची सांगत होती. कारखान्याचं टूल चालवल्याशिवाय असं सहसा होत नाही. हे दोन आकडे समोर ठेवल्यावर त्याने आगाऊ रक्कम परत केली. दुसऱ्या, जाणत्या रिकव्हरीवाल्याने मात्र एसएसडी पाहून सरळ सांगितलं की आता काही निघणार नाही.

म्हणून देताना सिरियल नंबर आणि बायोसमधल्या नावाचा फोटो काढा. “मूळ एसएसडीवर काहीही लिहिणार नाही” हे लेखी घ्या. काम कोणत्या पद्धतीने करणार ते विचारा; उत्तर टाळणाऱ्याला देऊ नका. पैसे द्यायच्या आधी सापडलेल्या फाइल्समधल्या दोन-चार स्वतः उघडून पाहा. नुसती नावांची यादी पुरेशी नाही. डेटा नको असेल आणि वॉरंटी असेल, तर थेट उत्पादकाकडे जा. तिथे बहुधा बदली एसएसडी मिळते, डेटा मिळत नाही.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. संगणक पूर्ण बंद करून वीज काढा, थोड्या वेळाने लावा, दुसरी केबल किंवा दुसरा पोर्ट वापरून पाहा. खरं मॉडेल आणि खरी क्षमता दिसली, तर आधी डेटा उतरवून घ्या. विंडोजने इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट करू का विचारलं, तर नाही म्हणा. नाव भलतंच किंवा क्षमता नाममात्र दिसत असेल, तर तिथेच थांबा. व्हिडिओत पाहून बिंदू जोडणं म्हणजे त्या माणसाने केलं तेच स्वतःच्या हाताने करणं.

ज्यांना अपडेट अजून करायचंय, त्यांनी डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि तिच्यातल्या फाइल्स उघडून बघाव्यात. विंडोजचं बिटलॉकर एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की बाहेर जपून ठेवा आणि अपडेटपुरतं ते स्थगित करा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा. डेस्कटॉपला यूपीएस हवा. स्लीप बंद करा. एसएसडी यूएसबी केसमध्ये असेल तर काढून थेट बोर्डाला लावा, कारण मधल्या चिपमधून अपडेटच्या कमांड नीट पोहोचतीलच असं नाही. आणि वर दिलेल्या कमांडच्या उत्तराचं किंवा तीच माहिती दाखवणाऱ्या `CrystalDiskInfo`चं चित्र आधीच फोनमध्ये ठेवा. माझ्या बहिणीकडे जुन्या तासांचा असा आकडा असता, तर त्या माणसाशी वाद घालायची वेळच आली नसती.