६२० मोठे की ४२? पंप निवडताना लिटर-मिनिट आणि घनमीटर-तासाचा हिशोब

ठिबकचा आराखडा करणारा माणूस घनमीटर प्रति तासात बोलतो, कारण फिल्टर त्याच मापात विकले जातात. पंपाच्या दुकानात मात्र एका पत्रकावर LPM, म्हणजे मिनिटाला लिटर असतं, दुसऱ्यावर m³/h, म्हणजे तासाला घनमीटर. शेतकरी मध्ये उभा राहतो आणि शेवटी ज्याचा आकडा मोठा तो पंप उचलतो. मी ठिबकची कामं करतो आणि हा प्रकार दर हंगामात बघतो. म्हणून दोन पंप शेजारी शेजारी ठेवून हा हिशोब पूर्ण करून दाखवतो.

तीन एकर ऊस आहे, पाच फुटी सरी म्हणजे साधारण दीड मीटर. विहिरीत उन्हाळ्यात पाणी ८ मीटर खाली जातं. एका व्हॉल्व्हवर एक एकर भिजवायचा आहे. एका एकरात दीड मीटरच्या अंतराने साधारण २,७०० मीटर नळी बसते. ४० सेंटिमीटरवर ड्रिपर धरला तर ६,७५० ड्रिपर झाले. प्रत्येकी ताशी ४ लिटर, म्हणजे तासाला २७,००० लिटर, म्हणजेच २७ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे छपरावर असते तशी हजार लिटरची टाकी. तासाला अशा २७ टाक्या हव्यात.

आता रूपांतर. मिनिटाचे लिटर साठने गुणले की तासाचे लिटर होतात, हजाराने भागले की घनमीटर:

```
m³/h = LPM × 60 ÷ 1000
LPM  = m³/h × 1000 ÷ 60
```

तोंडी करायचं तर सहाने गुणा आणि शंभराने भागा. ४५० LPM म्हणजे ४५० × ६ = २,७००, भागिले १००, २७ घनमीटर. उलट जाताना २७ × १०० ÷ ६ = ४५०. चूक बहुतेक एकाच ठिकाणी होते: माणूस हजाराने भागतो आणि साठ विसरतो, मग ४५० चे ०.४५ होतात. उत्तर असं अगदीच फुटकळ आलं, तर मिनिटाचा तास करायचा राहिला आहे. नेमप्लेटवर LPS, म्हणजे सेकंदाला लिटर असेल, तर ३.६ ने गुणा, ७.५ LPS म्हणजे तेच २७ घनमीटर.

दुकानात दोन पंप समोर आले, दोन्ही पाच एचपीचे ओपनवेल सबमर्सिबल. ‘अ’ च्या पत्रकावर ठळक अक्षरात ६२० LPM, ‘ब’ च्या पत्रकावर ४२ m³/h. नुसतं बघितलं तर ६२० कितीतरी मोठं वाटतं. रूपांतर केलं की चित्र उलटतं: ‘अ’ चे ३७.२ घनमीटर होतात, ‘ब’ चे ४२. इथे बरेच जण थांबतात आणि ‘ब’ घेऊन घरी येतात. पण ठळक आकडा सगळ्यात कमी हेडचा असतो, आणि दोन्ही पत्रकांत ते हेड वेगळं आहे. हेड म्हणजे चढ, घर्षण आणि दाब मिळून पंपाला पाणी किती मीटर ढकलावं लागतं ते. आतलं कोष्टक उघडून दोन्ही एका मापात मांडलं, की खरा फरक दिसतो.

| हेड (मीटर) | ‘अ’ LPM | ‘अ’ m³/h | ‘ब’ LPM | ‘ब’ m³/h |
|---|---|---|---|---|
| १२ | कोष्टकात नाही | – | ७०० | ४२ |
| १८ | ६२० | ३७.२ | ५८३ | ३५ |
| २४ | ५५० | ३३ | ४३३ | २६ |
| ३० | ४५० | २७ | २३३ | १४ |
| ३६ | ३०० | १८ | कोष्टकात नाही | – |

मग आपलं हेड किती? विहिरीतलं पाणी ८ मीटर खाली. ७५ मिलिमीटरच्या पाइपात २७ घनमीटर वाहताना शंभर मीटरला साधारण ५ मीटर घर्षण. फिल्टरमध्ये ५, ड्रिपरला एक किलो दाब म्हणजे १० मीटर, आणि बेंड-व्हॉल्व्हचे २. बेरीज ३०. त्या ओळीत ‘अ’ चे नेमके २७ आहेत आणि ‘ब’ चे १४.

‘ब’ बसवला तर तो अगदी १४ वर येऊन थांबेल असं नाही, हेही सांगायला हवं. पाणी कमी झालं की पाइपातलं घर्षण कमी होतं, ड्रिपरचा दाब घसरतो, आणि पंप १४ आणि २७ च्या मधे कुठेतरी स्थिरावतो. माझ्या हिशोबाने साधारण २४ घनमीटरवर, ड्रिपरला पाऊण किलोच्या आसपास. पाणी बंद पडत नाही, म्हणून लवकर लक्षात येत नाही. नळीच्या टोकाचे ड्रिपर मागे पडतात आणि तिथला ऊस पिवळट राहतो. खत ओढणाऱ्या व्हेंच्युरीला दोन्ही बाजूंच्या दाबात फरक लागतो, तो मिळेनासा झाला की खताची टाकी सावकाश संपते, आणि माणूस व्हेंच्युरीलाच दोष देतो.

तरी ‘ब’ वाईट पंप नाही. अर्ध्या अर्ध्या एकराचे भाग केले तर १३.५ घनमीटर लागतात, ते तो देतो. उलट दाब जास्त होतो म्हणून व्हॉल्व्ह थोडा आवळावा लागतो. फक्त तास दुप्पट होतात. एका एकराला दोन तास धरले तर ‘अ’ वर तिन्ही एकर सहा तासांत भिजतात, ‘ब’ वर बारा. शेतीची थ्री फेज लाइट आठ-दहा तास असते, तेव्हा ‘ब’ वर सगळं रान एका दिवसात होत नाही. मी तरी ठिबकला ‘अ’ च घेईन.

पाटपाण्याला निकाल बदलतो. ११० मिलिमीटरची पाइपलाइन आहे आणि पाणी सरळ पाटात सोडायचं आहे, तर एकूण हेड १०-१२ मीटरवर येतं. तिथे ‘ब’ ४२ घनमीटर देतो. ‘अ’ मात्र त्याच्या कोष्टकाच्या बाहेर चालतो, मोटर जास्त अँपिअर ओढते आणि तापते. हेड कमी म्हणून मोटरला आराम मिळतो, हा समज चुकीचा आहे. अशा पंपांत पाणी जास्त उपसलं जातं, तेवढा भार वाढतो.

पंप बसल्यावर खात्री करायची असेल तर २०० लिटरचा बॅरल पुरतो. फक्त पाणी मोकळं सोडून बॅरल भरू नका. त्यात हेड जवळजवळ नसतं आणि कुठलाही पंप भारी वाटतो. विहिरीच्या काठावर डिलिव्हरीला दाबमापक लावा, पुढे गेट व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्ह हळूहळू आवळत काटा २.२ किलोवर आणा. एकूण ३० मीटरमधले ८ विहिरीत गेले, उरलेले २२ मीटर म्हणजे हा दाब. काटा तिथे ठरला की बॅरल भरायला लागणारे सेकंद मोजा. २०० ला सेकंदांनी भागून ६० ने गुणलं की LPM. ‘अ’ असेल तर साधारण २७ सेकंद लागतील, ‘ब’ असेल तर ५१. मोजायला दोघं लागतात, एक काट्यावर आणि एक बॅरलवर, कारण व्होल्टेज हललं की काटाही हलतो आणि ते सेकंद फुकट जातात.