गोजेकमध्ये प्रवास शेअर करावा की आणीबाणीच्या संपर्कावर विसंबावं?

जकार्ताच्या विमानतळावरून रात्री 11 वाजता गोजेक या इंडोनेशियातल्या ॲपवरून गाडी घेतली, तेव्हा पुण्यात साडेनऊ वाजलेले असतात. म्हणजे ताई जागी असते. अशा वेळी मी प्रवासाची लिंकच पाठवेन. "Bagikan" दाबलं की लिंक जाते, आणि गाडी नकाशावर कुठे आहे ते तिला घरबसल्या दिसतं. पाठवण्याआधी गाडीची पाटी मात्र ॲपशी ताडून पाहाच. जकार्ताच्या पाट्या B अक्षराने सुरू होतात. पाटी जुळत नसेल तर गाडीत बसूच नका. उंच इमारतींमध्ये ठिपका मिनिटभर अडकला तर घाबरू नये. बराच वेळ हललाच नाही, तर ताईने सरळ फोन करावा.

आणीबाणीचा संपर्क, म्हणजे "Kontak darurat", हा आधी भरून ठेवलेला नंबर. तो स्वतःहून कुणावर लक्ष ठेवत नाही. संकटात कुणाला कळवायचं एवढंच त्यावरून ठरतं. परदेशी नंबर +91 सह लिहा. शक्य असेल तर तिथे जकार्तातल्याच ओळखीच्या माणसाचा नंबर द्या, कारण पुण्याहून कुणी धावत येऊ शकत नाही. जिवावर बेतलं तर ॲप बाजूला ठेवून पोलिसांचा 110 लावा.